आज कारण काय लिहू, ताई?

दुपारचे चार वाजत आले की माझा फोन वाजतो आणि माझं डोकं उठतं. फोन करणारा माणूस वाईट नाही. एका स्थानिक पेपरात तो बाजारभावाचं पान सांभाळतो. मूळचा नांदगावकडचा, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. कांदा, द्राक्षं, धरणातलं पाणी, तापमान आणि सोनं अशा पाच गोष्टी त्याच्या गळ्यात मारलेल्या आहेत. सोन्यासाठी तो मला गाठतो आणि त्याचा प्रश्न रोज एकच असतो. "ताई, आज सोनं चढलंय. कारण काय लिहू?" उतरलं असेल तर चढलंयच्या जागी उतरलंय, बाकी वाक्य तेच.

नाशिकच्या सराफ बाजारातलं आमचं दुकान वडिलांच्या मागे मी चालवते. मला यात तीस वर्षांच्या वर झाली. या तीस वर्षांत भाव का चढला हे मला ठामपणे सांगता आलं, असे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतील. सरकारनं आयात शुल्क कमी केलं आणि त्याच दिवशी भाव धाडकन खाली आला, तर कारण कोणालाही सांगता येतं. किती टक्के कमी केलं ते जाहीर असतं, हिशोब करून बघता येतो, आणि तो जुळतो. असे दिवस सोडले तर सकाळी मोबाइलवर भाव येतो, आम्ही तो पाटीवर लिहितो आणि दुकान उघडतो. रात्रभर परदेशात सोन्याचे सौदे चाललेले असतात, रुपया डॉलरपुढे वरखाली झालेला असतो, त्यावर आपला कर चढतो आणि सगळं मिळून एक आकडा आमच्यापर्यंत पोचतो. त्या आकड्यासोबत कारणाची चिठ्ठी आलेली मी कधी पाहिली नाही. जगभरातल्या लाखो लोकांनी आपापल्या गरजेनं, भीतीनं, हावेनं घेतलेलं आणि विकलेलं असतं. त्यांना एकेकाला विचारायला कोण गेलेलं असतं?

आमच्याकडे गोदावरीला पूर येतो तेव्हा असं नसतं. वर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप येतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं आणि आम्ही दुकानाचे खालचे कप्पे रिकामे करायला घेतो. तिथे कारण आधी येतं आणि पाणी मागून येतं, म्हणून तर माल वाचतो. सोन्याच्या बातमीत भाव आधी येतो आणि कारण संध्याकाळी, पान लावायच्या वेळेला, शोधून आणावं लागतं. असल्या कारणानं कोणाचा कप्पा वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं मी त्याला अनेकदा सांगितलं. तो ऐकून घेतो. "ताई, बरोबर हाय तुमचं," म्हणतो. मग म्हणतो, "पण रकाना रिकामा कसा सोडू? लासलगावला कांदा पडला तर मी जाऊन ट्रॅक्टर बघतो. आवक डबल झालीय, दिसतं डोळ्याला. सोन्याचे ट्रॅक्टर कुठं बघू?" मी म्हणते, "लिही, कारण माहीत नाही." तो हसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात कारण छापून आलेलं असतंच. परदेशी तणाव, मजबूत डॉलर, अमेरिकेतले व्याजदर, लग्नसराई, यांतलं एखादं. काहीच सापडलं नाही की नफावसुली. नफावसुली म्हणजे ज्यांच्याकडे होतं त्यांनी विकलं. भाव उतरला याचा अर्थ विकणाऱ्यांना घाई होती, एवढंच त्यातून कळतं, आणि ते तर भाव उतरला यातच आलं.

आम्ही सराफही काही धुतल्या तांदळासारखे नाही. "सोनं आणखी चढणार" असं छापून आलं की गिऱ्हाईक धावत येतं, हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे जाणकार म्हणून बोलणारा माणूस गल्ल्यावर बसलेला आहे का, हे आधी बघावं. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगते. ते कौतुकानं मान डोलावतात आणि पेपर वाचतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत सोन्यानं जी उडी घेतली, तिच्यामुळे तर या कारणांना ऊत आला. त्याच काळातली ही एका जोडप्याची गोष्ट. ती आठवली की मला अजून राग येतो, आणि कोणावर ते नेमकं सांगता येत नाही.

काका सरकारी पाटबंधारे कचेरीतून निवृत्त झालेले. गंगापूर रोडला फ्लॅट, पेन्शन चालू, मुलगी नोकरीला. पैशांची ओढाताण नव्हती. काकू निफाडजवळच्या एका गावच्या, द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या. त्यांच्या आईनं दिलेल्या दोन जाड पाटल्या त्या लग्नापासून घालत आल्या होत्या. पुढे संधिवात जडला. बोटांचे सांधे सुजले, मूठ वळेना, आणि पाटल्या एकदा साबण लावून काढल्या त्या परत हातात गेल्याच नाहीत.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दोघं दुकानात आले. काकूंनी रुमालात बांधलेल्या पाटल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि हात पुढे केला. "ताई, हा हात बघा. यातनं आता काय जात नाय. पण पोरीच्या लग्नात आईच्या पाटल्या हातात पाहिजेत. काय करता येईल?"

मी म्हटलं, "यांची पेचाची कडी करू. बिजागरीवर उघडतील, मनगटावर ठेवायची आणि पेच फिरवून बंद करायची. बोटांतून न्यायला नकोत. सोनं हेच वापरायचं, आईचंच."

काकूंचा चेहरा खुलला. त्यांनी आईचंच ना, असं दोनदा विचारलं. पण काकांनी खिशातून मोबाइल काढला होता आणि ते त्यात बघत होते. काका सगळं वाचणारे. सकाळी पेपर, दुपारी मोबाइलवर आलेल्या बातम्या, संध्याकाळी टीव्हीवरची चर्चा. "घाई नको," ते म्हणाले. "जुन्याची मोड चढ्या भावात द्यावी आणि नवं उतरत्या भावात घ्यावं. आता भाव चढा आहे. नवं करायची ही वेळ नाही."

जुनं सोनं देऊन नवं करणाऱ्यांत ही चूक इतक्यांदा बघितली आहे की मला समजावायचाही कंटाळा आला होता. तरी समजावलं. "काका, सोन्याला सोनं आहे हे. चढ्या भावात तुमचं घेतलं तर चढ्याच भावात तुम्हाला दिलं. उतरत्यात घेतलं तर उतरत्यात दिलं. दोन्ही बाजूंना तोच भाव लागतो, तो कटून जातो. फरक पडला तर मजुरीत आणि करात, तो किरकोळ. बघायचं ते एवढंच, की जुनं किती शुद्ध निघतं आणि आटवताना घट किती धरतात. भाव आज काहीही असू द्या."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विषय बदलतेय. "ताई, तुमचं दुकान आहे, तुम्ही म्हणणारच," ते म्हणाले. सराफाचं ऐकताना सावध राहा, हे मीच सगळ्यांना सांगत असते. आता बोलणार कोणाला?

लग्न दिवाळीनंतर होतं, तेव्हा नुकता पावसाळा सुरू झालेला. पाटल्या पुन्हा रुमालात गेल्या.

मग काका अधूनमधून एकटेच यायला लागले. चहा घ्यायचे, पाटीवरचा भाव बघायचे आणि मोबाइलवरची बातमी मला वाचून दाखवायचे. तेव्हा कुठल्याशा दोन देशांत तहाची बोलणी सुरू झाली होती. भाव सलग काही दिवस थोडा थोडा उतरला. बातमी आली, शांततेच्या चर्चेमुळे सोनं घसरलं. काकांना ते पटलं. युद्ध असलं की लोक घाबरून सोनं घेतात, शांतता झाली की विकतात. मलाही ऐकायला बरं वाटतं. अडचण एवढीच, की ते आधी कोणी सांगितलेलं नसतं.

मी त्यांना माझ्या मोबाइलवर एक गंमत दाखवली. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी आलेल्या दोन बातम्या. सकाळी लिहिलं होतं, तणाव वाढल्यामुळे सोनं वधारलं. दुपारी भाव फिरला. संध्याकाळी लिहिलं होतं, तणाव वाढूनही सोनं घसरलं. "काका, तणाव सकाळी होता तोच संध्याकाळी आहे. मग त्यानं नेमकं काय केलं?" मी विचारलं. "'मुळे' खोडून 'ऊनही' घातलं, की बातमी तयार. तुम्ही एक करा. बातमीतलं कारण बोटानं झाका आणि फक्त आकडा वाचा. मग स्वतःला विचारा, हेच कारण काल सकाळी कोणी सांगितलं असतं, तर आजचा आकडा ओळखता आला असता का?"

काका मोकळेपणानं हसले. "हे मात्र खरं पकडलंत," म्हणाले. मला वाटलं, चला, डोक्यात उजेड पडला. पण माणसाला दोन बातम्या खोट्या वाटल्या तरी तिसरी खरी वाटायची सोय असतेच.

ती तिसरी बातमी अशी आली. भाव आणखी थोडा उतरला, चार वाजता नेहमीचा फोन आला. "ताई, उतरलंय. पुढं काय हुईल?"

"पुढचं मला काय माहीत," मी म्हटलं. "आज उतरलंय एवढं खरं आहे. तेवढंच लिही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून देवापुढे उदबत्ती लावत होते, तोच काका आले. बरोबर काकू होत्या. काकांच्या हातात घडी घातलेला पेपर होता आणि चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. त्यांनी पेपर काउंटरवर पसरला आणि मथळ्यावर बोट ठेवलं. शांततेच्या वाऱ्यानं सोनं घसरणीच्या वाटेवर. आणि खाली, जरा लहान अक्षरांत, खरेदीसाठी थांबा, नाशिकच्या सराफांचा सल्ला.

"तुम्हीच म्हणताय," काका म्हणाले.

"मी नाही म्हटलं."

"मग कोणी म्हटलं? नाशिकचे सराफ म्हणजे तुम्हीच ना सगळे?"

मी त्यांच्यासमोर त्या माणसाला फोन लावला. तो बिचारा झोपेत होता. "ताई, तुमचं नाव कुठं घातलंय?" तो म्हणाला. "एकानं तरी म्हटलंच असंल की. रोजच कोणीतरी म्हणतंय." मी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, "बघा, असं लिहितात." काकांवर काही परिणाम झाला नाही. छापलेलं त्यांच्यासमोर होतं आणि मी नुसती बोलत होते.

त्यांचा बेत ठरलेला होता. पाटल्या आज विकायच्या, भाव अजून बराच वर आहे तोवर. पैसे खात्यात ठेवायचे. दिवाळीपर्यंत भाव कोसळला की त्याच पैशांत दोन कडी, वर मुलीला एखादी साखळी. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

मी सांगून बघितलं. "काका, पाटल्या माझ्याकडे वजनावर जमा ठेवा. तुमचं सोनं सोनंच राहील. विकलंत तर पैसे होतील, आणि मग तुम्ही भावाशी पैज लावलीत. पैजेत जिंकणं-हरणं दोन्ही होतं." मग काकूंकडे वळले. "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. "ते एवढं वाचतात," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय."

माझा धंदा सोनं घ्यायचा आणि विकायचा आहे. मी नाही म्हटलं असतं तर पुढच्या दुकानात हो म्हणणारे होते, आणि घट किती धरली असती ते देव जाणे. निदान इथे काटा सरळ आहे, असं मी मनाशी म्हटलं. पाटल्यांचा कस बघितला, त्या चांगल्या निघाल्या. गिऱ्हाइकासमोर आटवायचं ही आमच्या दुकानाची वडिलांपासूनची पद्धत, म्हणजे नंतर शंका नको. कारागिरानं मुशीत पाटल्या टाकल्या आणि ज्योत लावली. काकू खुर्ची पुढे ओढून बघत बसल्या. नक्षी आधी मऊ झाली, मग दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं साच्यातून बोटाएवढी पिवळी लगड बाहेर आली. काकूंनी ती हातात मागितली. गार झाल्यावर मी दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत केली. पैसे काकांच्या खात्यावर गेले.

त्यानंतर आठवडाभरात बोलणी फिसकटली. सोनं चढलं. बातमी आली, चर्चा फिसकटल्यानं सोन्याला झळाळी. काका म्हणाले, "तात्पुरतं आहे, बोलणी परत सुरू होतील." आणि खरंच झाली, आणि या वेळी तहही झाला. काका पेढे घेऊनच आले असते. पण सोनं त्या दिवशी आणखी चढलं. पेपरात आलं, शांतता होऊनही अनिश्चितता कायम, सोनं तेजीत. युद्धानं चढतं, शांततेनं चढतं आणि शांतता टिकेल की नाही या शंकेनंही चढतं. हे एकाच माणसानं एकाच पानावर महिन्याभरात लिहिलं होतं आणि वाचणाऱ्यांतल्या एकानंही त्याला जाब विचारला नव्हता. कालचा पेपर कोणाच्या लक्षात असतो? त्यावर तोपर्यंत कोणीतरी मेथी निवडलेली असते.

काका मात्र लक्षात ठेवत होते. त्यांना प्रत्येक बातमीत आपल्या बाजूचं काहीतरी सापडायचं. एखाद्या दिवशी भाव जरासा उतरला की लगेच फोन. "ताई, सुरुवात झाली. डॉलर मजबूत झालाय." दुसऱ्या दिवशी तो परत चढायचा आणि डॉलर कुठे गेला हे कोणी विचारायचं नाही. आमच्या धंद्यात रोज थोडं वर, थोडं खाली हे चालूच असतं. त्या लहान लहान हालचालींना बहुतेकदा काही अर्थच नसतो. पण प्रत्येकीखाली कारण छापलेलं असलं की वाटतं, यामागे कोणीतरी बसून ठरवतंय, आणि आपल्याला त्याच्या मनातलं कळायला लागलंय. काकांना हेच वाटत होतं. त्यात ते वाळत गेले. येऊन बसायचे, पाटीकडे बघायचे, चहा अर्धा ठेवून उठायचे.

मी चिडायचे, मग मला कीव यायची, मग शेवटी नुसता थकवा. एकदा त्या पेपरवाल्याला मी दुकानात बोलावलं आणि म्हटलं, "एक काम कर. उद्याचं कारण आज लिहून दे. भाव मी उद्या सांगते."

त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "ताई, चेष्टा करताय," तो म्हणाला. "मला येत असतं तर मी या पगारात हे पान लावलं असतं का? संध्याकाळी वरून फोन येतो, सोन्याचं काय? मी म्हणतो, उतरलं. ते म्हणतात, का? तुमच्यासारखं मी म्हटलं ना, की माहीत नाय, तर उद्यापासून दुसरा माणूस असंल. त्याला माहीत असंल."

खरंच होतं ते. त्याच्या जागी जो येईल त्याला माहीत असेल. मी त्याला चहा पाजला. त्यालाही कंटाळा आला होता आणि मलाही. दोघंही आपापल्या कामाला लागलो.

दिवाळी झाली. लग्न तोंडावर आलं. भाव पाटल्या विकल्या त्यापेक्षा खूप वर जाऊन बसला होता, आणि त्या काळात जो थांबला तो मागेच पडत गेला. त्याऐवजी भाव खाली आला असता तर काका शहाणे ठरले असते, हेही खरंच. मलाही ते माहीत नव्हतं, म्हणून तर मी पैज लावू नका म्हणत होते. एका दुपारी दोघं आले. काकांनी पाटीकडे पाहिलं नाही. "त्या पैशांत आता जे बसतं ते करून द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, थोडी भर घाला, दोन्ही होतील." काकू म्हणाल्या, "नको. त्या पैशांत बसंल तेवढंच. लग्नाला ठेवलेल्याला हात लावायचा नाय."

दोन पाटल्यांच्या पैशांत एक कडं बसलं. मजुरी आणि कर धरून जेमतेम. मी मजुरी कमी केली तरी दुसऱ्याला सोनं पुरत नव्हतं.

कडं घ्यायला ते आले तेव्हा लग्नाला दोन दिवस होते. काकूंनी डावा हात पुढे केला, मग मागे घेतला आणि उजवा केला. मी बिजागरी उघडून कडं मनगटावर ठेवलं. पेच त्यांना स्वतःला फिरवता येईना, बोटं वळत नव्हती. काका पुढे झाले, चष्मा वर केला आणि पेच फिरवला. मग परत उघडून दाखवला, परत लावला. "रोज मीच लावून देईन," ते म्हणाले. काकू हात वर धरून बघत होत्या. कडं छान झालं होतं. हातात येताना ते अडलं नाही, दुखलं नाही. आईचं मात्र ते नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात चार वाजले असावेत, कारण माझा फोन वाजला. काउंटरवर कागद आवरत होते म्हणून मी स्पीकरवर लावला.

"ताई, आज बरंच उतरलंय. कारण काय लिहू?"

काकांनी मान वर केली. पाटीवर सकाळचा भाव होता, तो मी अजून बदलला नव्हता. म्हणजे काकांनी कड्याचे पैसे ज्या भावानं दिले, त्यापेक्षा खरा भाव आता खाली होता. मला त्या फोनवाल्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याचा यात काही दोष नव्हता. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"तुम्ही रोज हेच म्हणता, ताई."

काका काउंटरवर वाकले. फोनकडे तोंड करून, कचेरीत वरिष्ठांना सांगावं तसं हळू आणि स्पष्ट म्हणाले, "अहो, खरंच माहीत नाही लिहा ना एक दिवस. एकदा तरी."

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

"वाचक," काका म्हणाले.

"काका, तेवढ्यावर बातमी होत नाय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. "काहीतरी कारण पाहिजे."

मी फोन बंद करायला हात पुढे केला, पण त्याआधी काकू बोलल्या. इतक्या महिन्यांत दुकानात त्या आपणहून फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी मोकळा डावा हात काउंटरवर ठेवला, सुजलेल्या बोटांसकट, आणि फोनला म्हणाल्या, "भाऊ, मग एक सांगा. परवा लग्नात माझ्या माहेरची माणसं विचारतील, एकाच हातात का घातलंय म्हणून. तुमच्याकडं कारणं हायेत ना. त्याचं काय सांगू?"

तिकडे मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, पान लावायची वेळ झाली होती. मी फोन ठेवला. काकांनी काकूंचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तो न सोडताच दोघं दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, नफावसुलीमुळे सोनं घसरलं. मी ती बातमी शेवटपर्यंत वाचली. मग पाटी पुसून नवा भाव लिहिला.